वाचलं त्यानेच

ताई,

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झाले. गेल्या आठवड्यात पोस्टाने एक पत्र आलं. १९९७ साली सातवीत असलेल्या मुलाचं. वरती 'तीर्थस्वरूप बाईंस, सा. न. वि. वि.' असा मायना. तो वाचताना अडखळायचा, मुलं हसायची. एक दिवस मी म्हणे त्याच्या बाकाशेजारी जाऊन उभी राहिले आणि तीच ओळ त्याच्याबरोबर हळू आवाजात वाचू लागले. मग वर्षभर तसंच केलं. आज तो बंदरावर दिवसभर वॉकीटॉकीवर बोलायचं काम करतो. त्याची मुलगी चौथीत आहे, तीही अडखळते, आणि रोज रात्री तो तिच्याशेजारी बसून तसंच वाचतो. शेवटी लिहिलंय, 'बाई, थँक्यू म्हणायला एवढी वर्षं लागली.'

पत्राचा फोटो फेसबुकवर आणि स्टेटसला टाकावासा वाटतो. खाली हे लिहिलंय: 'माझ्या संस्कारांचे फळ आज मिळाले. मी घडवलेला विद्यार्थी आज मोठ्या पदावर आहे हे पाहून शिक्षिका म्हणून माझ्या जीवनाचे सार्थक झाले. शब्द अपुरे पडतात. मी नम्र झाले.' लेक म्हणते, 'आई, हे मिरवल्यासारखं वाटतंय.' मला मिरवायचं नाही हो. आणि खरं सांगू? मुलगा आठवतो, पण ही गोष्ट मला अजिबात आठवत नाही. काय लिहू?

– एक निवृत्त बाई, नौपाडा

(बाईंशी बोलून साल, इयत्ता, नोकरी आणि इतर काही तपशील बदलून हे पत्र छापलं आहे.)

बाई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण मला वाटतं तुमची कॅप्शन तिथेच आहे. 'ही गोष्ट मला अजिबात आठवत नाही.' हे तुम्ही मला लिहिलंत, पण फेसबुकसाठी लिहिताना गाळलंत. बहुधा लाज वाटली असेल, की मुलाने इतकी वर्षं जपलेली गोष्ट आपल्याला आठवूही नये. पण एका वर्गात पन्नास-साठ मुलं, दिवसाला पाच-सहा तास, आणि अशी ३१ वर्षं. एका ओळीसाठी एका बाकाशेजारी जाऊन उभं राहणं हे तुम्ही ठरवून केलंच नसणार. खडू हातात घेण्याइतकं ते सहज झालं असणार, म्हणून ते आठवत नाही. त्याच्यासाठी मात्र ते वर्षभर रोज घडत होतं.

तुमच्या मसुद्यात ही बाई कुठेच दिसत नाही, त्यामुळे लेकीचं म्हणणं मला पटलं. चार वाक्यांत 'मी' आणि 'माझ्या' मिळून चार वेळा आलेत. 'संस्कारांचे फळ', 'जीवनाचे सार्थक', 'शब्द अपुरे पडतात' हे शब्द आपण शाळेच्या सभागृहातल्या सत्कार समारंभांत इतके ऐकलेत की ते कानावर पडले की शाल आणि श्रीफळच डोळ्यांसमोर येतं. ते खोटे नाहीत, पण ते कुणाच्याही निरोप समारंभात चालतील, आणि तुमच्या हातातलं पत्र तर फक्त तुम्हाला आलं आहे. 'मी नम्र झाले' हे वाक्य तर काढाच. नम्र झालेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, ते वाचणाऱ्याला कळतं.

मला सगळ्यात खटकलं ते 'मोठ्या पदावर'. त्याने पदाबद्दल लिहिलेलंच नाही. त्याने लिहिलंय की मी आता दिवसभर बोलतो. ज्याला वर्गात एक ओळ पुरी करता येत नव्हती त्याच्यासाठी बातमी ही आहे. आणि तुमच्या फेसबुकवर तुमचे इतर विद्यार्थीही असणार. कुणी कळव्यात रिक्षा चालवत असेल, कुणी तलावपाळीवर गाडी लावत असेल, कुणाची कंपनी वागळे इस्टेटमध्ये बंद पडली असेल. त्यांनी 'मोठ्या पदावर' वाचलं की त्यांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो त्यांच्या स्वतःच्या पदाचा. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं हे मला कळतं, पण ते शब्द तेवढं काम करतात.

आता 'घडवलं'. या शब्दाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अडखळण्याबद्दल मला घरातून थोडं माहीत आहे. माझा मोठा भाऊ अडखळायचा. कॉलेजच्या दिवसांत ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीवर त्याला 'दादर' म्हणता यायचं नाही. 'द' वर तो अडकायचा, मागची रांग चुळबुळायला लागायची. 'प' त्याला जमायचा. म्हणून तो परळचं तिकीट काढायचा आणि दादरला उतरायचा. हे मला कित्येक वर्षांनी कळलं, तेही त्याच्या बायकोकडून. अडखळणारी बरीच माणसं असंच करतात. जो शब्द अडेल असं वाटतं तो बदलून दुसरा वापरतात, आणि ते इतक्या सफाईने करतात की शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

याच भावामुळे मला हेही माहीत आहे की तुम्ही वर्गात जे केलंत ते स्पीच थेरपिस्ट जाणूनबुजून वापरतात. दोन माणसांनी एकच मजकूर एकाच वेळी वाचला की अडखळणाऱ्या बहुतेकांचं अडखळणं तेवढ्यापुरतं जवळजवळ थांबतं. प्रार्थनेत किंवा गाण्यात ते अडखळत नाहीत, तसंच काहीसं. पण दुसरा आवाज बंद झाला की अडखळणं बरेचदा परत येतं. म्हणजे तुमच्या आवाजाने त्याचं अडखळणं बरं झालं असं म्हणता येणार नाही. तुमच्या आवाजाने एवढं झालं की रोज काही ओळी, साठ मुलांसमोर, त्याच्या तोंडून सलग बाहेर पडल्या आणि कुणी हसलं नाही. पुढची वाट त्याची तो चालला आहे. सातवीनंतर तुम्ही शेजारी नव्हता. नोकरीच्या मुलाखतीत नव्हता. पहिल्यांदा वॉकीटॉकीचं बटण दाबून पलीकडच्या क्रेनवाल्याशी बोलला तेव्हा नव्हता.

म्हणून 'मी घडवलेला विद्यार्थी' हे नम्रपणाच्या दृष्टीनेच चुकीचं नाही, ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. आणि तुम्ही मराठीच्या बाई आहात, तेव्हा हे तुम्हाला मी सांगायला नको, तरी सांगते: तुम्हाला जे म्हणायचंय त्यासाठी मराठीने क्रियापदाचं एक रूप तयार ठेवलेलं आहे. 'मी त्याच्याशेजारी उभी राहिले' असं लिहिलंत तर तुम्हाला ते आठवतंय असा अर्थ होतो. 'मी त्याच्याशेजारी उभी राहिले असेन' असं लिहा. त्या एका 'असेन' मध्ये तुम्हाला आठवत नाही हेही आलं, त्याच्या आठवणीवर तुमचा विश्वास आहे हेही आलं, आणि श्रेय घेताना तुमचा हात मागे राहिला हेही आलं. त्यानंतर लगेच दोनच शब्द लिहा: वाचलं त्यानेच.

पण हे लिहिण्याआधी एक गोष्ट राहते आहे, आणि तीच या सगळ्यात अवघड आहे. तुम्ही त्याला विचारलंत का?

तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. पत्र तुमच्या नावाने आलं, तुमच्या टपालपेटीत पडलं, कागद तुमचा आहे. पण त्यावरचा मजकूर त्याचा आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणेही पत्र ज्याने लिहिलं त्याचा मजकुरावर हक्क असतो, ज्याला आलं त्याचा नाही. अर्थात तो काही तुमच्यावर दावा लावणार नाही. माझी काळजी वेगळी आहे. त्याने स्वतःचं अडखळणं तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला ते माहीतच होतं. बंदरावरच्या त्याच्या सहकाऱ्यांना ते माहीत आहे का? माझा भाऊ २२ वर्षं एकाच ऑफिसात होता आणि तिथे एकालाही माहीत नव्हतं.

आणि मुलगी. बाई, पत्रातला सगळ्यात हलवून टाकणारा भाग तोच आहे, मला कबूल आहे. रात्री बाप मुलीच्या शेजारी बसून तिच्या ओळीबरोबर स्वतःची ओळ वाचतो हे चित्र माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही. पण ती चौथीत आहे. तिचं अडखळणं तिच्या बाबांनी विश्वासाने तुम्हाला सांगितलं, ते तिच्या वर्गातल्या कुणाच्या आईच्या फोनवर जाऊन पोचायला नको. बाबांनी होकार दिला तरी मी तो भाग टाकू नका असंच म्हणेन, कारण होकार द्यायचं वय तिचं अजून झालेलं नाही.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका वाचक तरुणीने मला आभाराची चिठ्ठी दिली होती. मी भारावून त्या चिठ्ठीचा फोटो टाकला, नाव झाकलं, मजकूर ठेवला. चिठ्ठीत तिने तिच्या सासरच्या एका प्रसंगाबद्दल एकच वाक्य लिहिलं होतं. तिच्या नात्यातल्या कुणीतरी अक्षर ओळखलं. तिने मला काही बोलून दाखवलं नाही, पण पुन्हा कधी लिहिलं नाही. मी फोटो काढून टाकला तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या चिठ्ठीने मला जो आनंद दिला, त्याची किंमत तिने भरली. हे माझ्याकडून झालं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला थांबवते आहे.

म्हणजे नाव झाकलं की झालं, असं नाही. माणूस नावाने जितका ओळखू येतो तितकाच तपशिलांच्या बेरजेने ओळखू येतो. शाळा तुमच्यामुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यात १९९७ ची सातवी घातली की साठ मुलं उरली. त्यात बंदरावरची नोकरी घातली की एकच उरला. त्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप असणारच, आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी तुमच्या पोस्टखाली त्याचं नाव लिहून 'हा का, बाई?' असं विचारणार. म्हणून साल ठेवायचं असेल तर नोकरी गाळा, आणि नोकरी ठेवायची असेल तर साल गाळा. मी साल ठेवेन. इतक्या वर्षांनी पत्र आलं हे त्याशिवाय कळत नाही, आणि बंदर तुमच्या गोष्टीला फारसं काही देत नाही.

त्याला फोन करू नका, मेसेज करा. फोनवर बाईंना 'नको' म्हणणं कुठल्याही विद्यार्थ्याला जमत नाही, वय चाळीस झालं तरी. मेसेजमध्ये त्याला 'नको' म्हणायला सोपी वाट ठेवा आणि गोष्टी सुट्या सुट्या विचारा, म्हणजे एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणता येईल. असं काहीसं:

'पत्र मिळालं. सावकाश उत्तर लिहिते आहे. त्याआधी एक विचारायचं होतं. तुझ्या पत्राबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहाव्यात असं वाटतं. नाव, नोकरी आणि लेकीचं काहीही लिहिणार नाही. पण तू वाचताना अडखळायचास हे लिहिलेलं चालेल का? आणि पत्राच्या मायन्याचा, फक्त पहिल्या दोन ओळींचा, फोटो टाकला तर? यातलं काहीही नको वाटलं तर नुसतं नको लिही, कारण सांगू नकोस. पत्र माझ्यापाशी आहे, तेवढं मला पुष्कळ आहे.'

'लेकीचं लिहिणार नाही' हे विचारायचं नाही, सांगायचं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

फोटोबद्दल. तो होकार देईल असं धरून चालू. संपूर्ण पत्राचा फोटो टाकू नका. लोक फोटो बोटांनी मोठा करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. कागद दुमडा, मायना तेवढा वर राहू द्या, आणि मग फोटो काढा. आधी सगळा फोटो काढून नंतर मोबाइलमध्ये मजकुरावर रंग फिरवायचा, असं बरेच जण करतात. त्या मार्करचे काही रंग अर्धपारदर्शक असतात. फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं परत दिसतात. दुमडलेल्या कागदात तो धोकाच नाही. पाकीट बाजूला ठेवा, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. आणि मायना दाखवायचाच असेल तर मला त्यात फार आनंद आहे, कारण 'तीर्थस्वरूप' हे आपण आईवडिलांच्या जागी असलेल्यांना लिहितो. त्याने 'आदरणीय मॅडम' लिहिलेलं नाही. हे तुम्ही कॅप्शनमध्ये समजावून सांगू नका, ज्यांनी पत्रलेखन शिकलंय त्यांना ते दिसेल. आणि हस्ताक्षर ओळखू येईल अशी शंका त्याला वाटली, तर फोटोच नको. तुमच्या टेबलावर ठेवलेल्या बंद पाकिटाची मागची, कोरी बाजू पुरेशी आहे.

आता शब्द. माझा पहिला प्रयत्न असा झाला:

'परवा पोस्टाने पत्र आलं. १९९७ साली सातवीत असलेल्या एका विद्यार्थ्याचं. मी त्याच्याबरोबर उभी राहून वाचायचे, म्हणून त्याचं अडखळणं गेलं, असं त्याने लिहिलंय. डोळे भरून आले. मला तर हे आठवतही नाही.'

हे तुमच्या मसुद्यापेक्षा बरं आहे, तरी दोन ठिकाणी घसरलंय. 'म्हणून त्याचं अडखळणं गेलं' हे त्याने लिहिलेलं नाही. तुम्ही मला जे सांगितलंत त्यात कारण-परिणाम नाही, एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी आहेत. 'म्हणून' माझ्या पदरचा आहे, आणि त्या 'म्हणून' मधून 'घडवलं' परत आत येतं. आणि 'डोळे भरून आले' खरं असलं तरी ते आधी सांगून टाकल्यामुळे वाचणाऱ्याला स्वतःला काही वाटायला जागाच राहत नाही. तुमच्याऐवजी गोष्टीला पुढे येऊ द्या.

मग असं केलं:

'परवा पोस्टाने एक पत्र आलं. १९९७ साली सातवीत असलेल्या एका मुलाचं.

तो वाचताना अडखळायचा. एक दिवस बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, माझ्याबरोबर तीच ओळ हळू आवाजात वाचायला लागल्या, आणि मग वर्षभर तसंच चाललं, असं त्याने लिहिलंय.

मुलगा लख्ख आठवतो. हे मात्र मला आठवत नाही. उभी राहिले असेन. वाचलं त्यानेच.

त्याने लिहिलंय, थँक्यू म्हणायला एवढी वर्षं लागली. मला उत्तर लिहायला दोन दिवस लागले.'

यात 'मी' एकदाही आलेला नाही. तो मुद्दाम टाळलेला नाही, गरजच पडली नाही. मराठीत 'उभी राहिले असेन' म्हटलं की कोण ते कळतं. भावना कुठेही नावानिशी सांगितलेली नाही, पण उत्तराला दोन दिवस लागले एवढ्यावरून तुमची अवस्था कुणालाही कळेल. शेवटचं वाक्य तुमच्या बाबतीत खरं नसेल तर ते बदला. त्या दोन दिवसांत तुम्ही जे खरोखर केलंत ते लिहा: पत्र देवघरात ठेवलंत, चष्मा पुसून परत वाचलंत, लेकीला मोठ्याने वाचून दाखवताना मधेच थांबलात. एकच गोष्ट, जशी घडली तशी.

'लख्ख' हा शब्दही तुम्ही तपासा. मुलगा आठवतो असं तुम्ही लिहिलंयत म्हणून मी तो घातला. नुसताच पुसट आठवत असेल तर 'लख्ख' काढा. तो ही पोस्ट वाचणार आहे.

तो 'नको' म्हणाला तर? तर अडखळणं, वाचन, साल, मायना सगळं गळतं. तरीही कॅप्शन उरते, आणि ती मला कमी आवडत नाही:

'परवा एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. ज्या गोष्टीसाठी त्याने आभार मानले, ती मला आठवत नाही. त्याला मात्र दिवस, बाक, सगळं आठवतं. दोन दिवस तेच मनात आहे.'

'दिवस, बाक' ऐवजी पत्रात जे असेल ते घाला, फक्त अडखळण्याकडे बोट दाखवणारं नको. तुमची इतर विद्यार्थ्यांची पिढी हे वाचून आपापली गोष्ट आठवेल, आणि हा कोण हे कुणाला कळायचं कारण नाही.

कुठे टाकायचं, याबद्दल थोडकं. फेसबुकवर मोठी पोस्ट अर्ध्यावर कापली जाते आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, म्हणून पहिली ओळ साधी आणि स्वतंत्र हवी. 'परवा पोस्टाने एक पत्र आलं' ही तशी आहे. आजकाल पोस्टाने पत्र येतं ही एवढीच गोष्ट लोकांना थांबवायला पुरते. स्टेटस २४ तासांत जातं, आणि तुमच्या फोनमध्ये नंबर असलेले दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे ते बघतात. तिथे मी हे टाकणार नाही. आणि कुणी म्हणेल की गुरुपौर्णिमेपर्यंत किंवा ५ सप्टेंबरपर्यंत थांबा. थांबू नका. त्या दिवशी फुलांचे आणि समईचे फॉरवर्ड इतके फिरतात की तुमचं पत्र त्यांत एक होऊन जाईल. ते ज्या आठवड्यात आलं त्याच आठवड्याचं आहे.

पोस्टखाली दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया येतील, त्यांची तयारी ठेवा. काही जण नाव ओळखायचा प्रयत्न करतील. ती प्रतिक्रिया उत्तर न देता काढून टाका, 'नाही, तो नव्हे' असंही लिहू नका, कारण दोघांना 'नाही' आणि तिसऱ्याला काहीच नाही म्हटलं की नाव सांगितल्यासारखंच होतं. आणि कुणीतरी एखादा लिहील, 'बाई, मला मात्र तुम्ही वर्गाबाहेर उभं केलं होतं.' ३१ वर्षांत असं झालं असणारच. तेही तुम्हाला आठवत नसेल. त्याला हसण्याचं चित्र टाकून सोडून देऊ नका. जी बाई चांगली गोष्ट आठवत नाही म्हणून कबूल करते, तिने हेही त्याच आवाजात घ्यावं: 'मला आठवत नाही, पण तुला आठवतंय म्हणजे झालं असणार. वाईट वाटलं वाचून. भेटशील का एकदा?'

आणि आता जे खरं तर आधी करायचं आहे. त्याचं उत्तर. पोस्ट टाकायच्या आधी तुमचं उत्तर त्याच्या हातात पडलेलं असू दे. फेसबुकवर बाईंनी काय लिहिलं ते त्याने चारशे लोकांबरोबर वाचावं आणि मग घरी पत्र यावं, असा क्रम नको. दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

जे जे कॅप्शनमधून काढलंत ते सगळं त्या पत्रात घाला. रडू आलं ते, सार्थक वाटलं ते, मुलगी. तिथे 'सार्थक' हा शब्द मला अजिबात खटकणार नाही, तो एकालाच लिहिलेला असेल. मुलीबद्दल एवढंच लिहा की बरोबर वाचणं चालू ठेव, आणि जमलं तर एखाद्या स्पीच थेरपिस्टला एकदा दाखव, आता शाळेत असतानाच. माझ्या भावाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आठवत नाही हे त्याला सांगा. त्याला वाईट वाटेल अशी भीती तुम्हाला वाटते आहे, पण आठवतंय असं लिहिलंत तर पुढच्या भेटीत तो म्हणेल, 'बाई, तो धडा होता ना...' आणि तुम्हाला मान डोलवावी लागेल. त्यापेक्षा त्यालाच विचारा. सांगायला त्याला आवडेल, आणि आता त्याला सांगता येतं. 'अरे, मी विसरले. तूच सांग. कितवा बाक होता, आणि धडा कुठला होता रे तो?'